काम बोलतं, पण कुणाचं नाव सांगत नाही

मराठी व्यावसायिकाच्या मनात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. काम चोख केलं की गिऱ्हाईक आपोआप चार ठिकाणी सांगतं. त्याला ‘आणखी कुणाला सांगा ना’ असं म्हणणं म्हणजे हात पसरणं, आणि हात पसरला की केलेल्या कामाची किंमत उतरते. ही समजूत मी सुतारांकडे ऐकली आहे, दंतवैद्यांकडे ऐकली आहे, आणि अलीकडे घरोघरी सोलर बसवणाऱ्या तरुण व्यावसायिकांकडे तर पदोपदी ऐकतो. ती चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते सोलरच्याच धंद्याच्या आधाराने मांडायचं आहे. या धंद्यात समाधानी ग्राहक कुठे गप्प बसतो, का गप्प बसतो आणि कधी बोलतो हे अगदी नेमकं दाखवता येतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. घरगुती छतावरच्या सोलरला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे 30,000 आणि तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78,000 रुपये सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यात येऊ लागली. त्याबरोबर तालुक्यातालुक्यांत सोलर बसवणारे उभे राहिले आणि त्यांच्यामागे विक्री शिकवणारेही आले. या प्रशिक्षकांचा मंत्र एकच असतो: यंत्रणा बसली, ग्राहकाने पेढे दिले की वही पुढे करा आणि दहा नावं, दहा नंबर लिहून घ्या. ‘नाही’ म्हणाला तर मोबाइलमधली नावं अ पासून वाचायला लावा. प्रत्येक नावामागे दोन-तीन हजारांचं आमिष ठेवा. हे ज्याने एकदा सोसलं आहे, त्याला ‘मागणं’ या गोष्टीचीच शिसारी येते. तेव्हा ‘आम्ही मागत नाही, आमचं काम बोलतं’ असं म्हणणाऱ्या माणसाचा स्वाभिमान मला कळतो आणि आवडतोही. पण एक मागणी ओंगळ निघाली म्हणून मागणंच ओंगळ ठरत नाही.

‘काम बोलतं’ याला सोलरच्या बाबतीत पुरावाही आहे, आणि पूर्वपक्षाच्या हातातलं ते सगळ्यात बळकट हत्यार आहे. ब्रायन बॉलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या छतांवरच्या सोलरचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या पिनकोडच्या भागात आणखी एक यंत्रणा बसली की तिथे पुढची यंत्रणा बसण्याची शक्यता 0.78 टक्के-बिंदूंनी वाढते, असं त्यांना आढळलं. शेजाऱ्याच्या छतावर पॅनेल दिसली की आपल्याही मनात येतं, असा याचा अर्थ लावता येतो. मग मागायचं कशाला? छत बोलतंच आहे की.

हा युक्तिवाद एका ठिकाणी फसतो. छत बोलतं ते सोलरविषयी. ते कुणी बसवलं हे छत सांगत नाही. समोरच्या बंगल्यातल्या माणसाला निळी पॅनेल दिसतात, त्याच्या मनात इच्छा उत्पन्न होते, आणि मग तो काय करतो? मोबाइलवर शोधतो, किंवा जो पहिला माणूस पत्रक घेऊन दारात येतो त्याला बोलावतो. तुमच्या चोख कामाने उत्पन्न केलेली इच्छा दुसऱ्याच्या कोटेशनवर सही करते. हा परिणाम एकूण धंद्याच्या पदरात पडतो, तुमच्या पदरात पडेलच असं नाही. शिवाय शेजाऱ्याला ज्या गोष्टी खरोखर जाणून घ्यायच्या असतात त्या छतावर दिसत नाहीत. सबसिडी आली का, किती दिवसांनी आली, स्लॅब गळायला लागला का, इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला तेव्हा माणूस आला की फोनच उचलला नाही: या प्रश्नांची उत्तरं फक्त त्या घरात राहणाऱ्याच्या तोंडी असतात.

आणि तो आपण होऊन बोलत नाही. इथे दुसरा पुरावा पाहावा लागतो. वी. कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एका दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांची पाहणी मांडली होती. 81 टक्के ग्राहक म्हणाले, आम्ही इतरांना ही सेवा सुचवू. प्रत्यक्षात सुचवलं 30 टक्क्यांनी, आणि ज्यांच्या सांगण्यावरून खरोखर नवा ग्राहक आला असे 12 टक्के होते. कंपनी दूरची, देश वेगळा, धंदा वेगळा, म्हणून हे आकडे जसेच्या तसे कराड-सांगलीला लावायचे नाहीत. पण इच्छा आणि कृती यांच्यातली ही दरी ज्याने आपले जुने ग्राहक आठवून पाहिले त्याला ओळखीची वाटेल. ग्राहक खोटं बोलत नसतो. त्याला सांगायचंच असतं. पण सांगायचं कुणाला, कशावरून, नेमकं काय, हे त्याच्यासमोर उभं राहत नाही, आणि दिवस निघून जातात. ती जुळणी कुणीतरी करून द्यावी लागते. काम चोख करणं हे तुमचं कर्तव्य झालं. ती जुळणी करणं हेही तुमच्याकडेच येतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यात रस नाही.

पूर्वपक्षाचा खरा गाभा मात्र आकड्यांत नाही. तो लाजेत आहे: मागितलं तर समोरच्याला अवघडायला होईल, तो मनातून नाराज होईल. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये याच्याशी जुळणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. पाच जणांनी ‘हो’ म्हणावं म्हणून किती जणांना विचारावं लागेल, असं आधी विचारलं तर त्यांचा अंदाज साधारण वीस निघाला. प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. मागणाऱ्याला नकाराची भीती दुप्पट वाटते, कारण त्याचं लक्ष आपल्या अवघडलेपणावर असतं. समोरच्याला ‘नाही’ म्हणणंही किती अवघड वाटतं, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

याच प्रयोगात एक धोकाही दडलेला आहे, आणि प्रशिक्षकांनी त्याचाच गैरफायदा घेतला. समोरच्याला नाही म्हणणं अवघड असतं, म्हणूनच दहा नावांची वही चालते. माणूस सुटका करून घेण्यासाठी नावं लिहितो. ती नावं ओळखायला सोपी असतात: ज्याच्याशी दोन वर्षांत बोलणं झालेलं नाही असा भाडेकरू, ऑफिसातला जुना शिपाई, मुंबईत फ्लॅटमध्ये राहणारा मावसभाऊ, ज्याला स्वतःचं छतच नाही. फोन केला की पलीकडून ‘कोण? त्यांनी माझा नंबर दिला?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न तीन-चार जणांकडून ऐकू आला तर तुमच्या मागण्याच्या पद्धतीतच बिघाड आहे असं समजावं. दुसरी खूण याहून वाईट असते. नावं देणारा जुना ग्राहक तुमचा फोन उचलेनासा होतो.

तर मग मागायचं, पण समोरच्याला सहज नाही म्हणता येईल असं. आणि मागण्याची वेळ तुमच्या सोयीने ठरवायची नाही. तो ज्या दिवशी खरोखर खूश असतो त्या दिवशी विचारायचं. सोलरमध्ये तो दिवस कोणता, हे बहुतेक व्यावसायिक चुकवतात, म्हणून तिथे थोडं थांबू.

यंत्रणा बसते त्या दिवशी ग्राहक उत्साहात असतो, पण समाधानी नसतो. त्याने सबसिडीपूर्वी साधारण दोन लाख रुपये मोजलेले असतात, नेट मीटर लागायचा असतो, सबसिडी यायची असते. त्या दिवशी तो शेजाऱ्याला फार तर ‘बसवलंय, बघू’ इतकंच सांगू शकतो. मग नेट मीटर लागतो आणि पहिलं बिल येतं. पुष्कळदा तिथे ग्राहक चिडतो, कारण बिल शून्य येत नाही. स्थिर आकार तर लागतोच. त्याहून मोठा घोळ आकड्यांचा असतो. मोबाइलवरच्या अॅपमध्ये महिन्याची निर्मिती एक दिसते आणि बिलावर निर्यात युनिट त्याहून खूप कमी दिसतात. ‘माझी शंभर-सव्वाशे युनिट महावितरणने खाल्ली’ असा त्याचा पक्का समज होतो. खाल्लेली कुणीच नसतात. दिवसा पॅनेलवर तयार झालेली जी वीज घरातला फ्रीज, पंप आणि पंखे जागेवरच वापरतात, ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज मोजतो. हे ग्राहकाला कुणीतरी बिल हातात घेऊन समजावलं नाही, तर उत्तम चालणाऱ्या यंत्रणेचा मालकही चार लोकांत ‘सोलर काही खरं नाही’ असं सांगत फिरतो. ‘काम आपोआप बोलतं’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. न समजावलेलं काम बोलतं, पण उलटं बोलतं.

आपल्याकडे त्यात पाऊस येतो. जूनअखेरीस चालू झालेल्या यंत्रणेचे पहिले महिने म्हणजे जुलै-ऑगस्टचे ढग. कराड, कोल्हापूर, कोकण या पट्ट्यात त्या महिन्यांची निर्मिती इतकी खाली येते की त्या बिलाच्या जोरावर कुणाला काही सांगणं म्हणजे स्वतःच्या कामाविरुद्ध साक्ष देणं. अशा ग्राहकाला ऑक्टोबर सरेपर्यंत काहीही विचारू नये. थंडीत बसवलेल्या यंत्रणेला दुसरं बिल पुरतं. माझं मत असं की दोन गोष्टी झाल्याशिवाय तोंड उघडू नये: सबसिडी खात्यात आलेली असावी, आणि उन्हाच्या एका पूर्ण महिन्याचं बिल आलेलं असावं. यातलं एक जरी अडकलेलं असेल, तर तुमचं काम ते सोडवायला धावणं हे आहे.

आता एक प्रसंग धरून चालू. कराडच्या एका बंगल्यांच्या वसाहतीत एका निवृत्त शिक्षकाच्या घरी तीन किलोवॅट बसवलेले आहेत. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरली तर उन्हाच्या महिन्यात साडेतीनशेच्या आसपास निर्मिती व्हायला हवी. ऑक्टोबरचं बिल आलं आहे. अॅपमध्ये निर्मिती 348 युनिट दिसते. बिलावर निर्यात 218 आणि आयात 236 आहे, म्हणजे आकारणी फक्त 18 युनिटांची. व्यावसायिक घरी येतो, आणि येण्याचं कारण विक्री नाही; बिल समजावून सांगायचं आहे. तो सरांना आधी गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचं बिल शोधायला सांगतो. मग दोन्ही बिलं जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवतो आणि पेन्सिलीने लिहितो: 348 वजा 218 म्हणजे 130 युनिट तुम्ही दिवसा घरातच वापरलीत. त्यात रात्रीची 236 मिळवली की 366, म्हणजे घराचा खरा वापर. गेल्या वर्षी या महिन्यात जवळपास एवढाच वापर होता, आणि तेव्हा त्या सगळ्याचे पैसे भरले होते. या वर्षी 18 युनिटांचे आणि स्थिर आकाराचे भरायचे आहेत.

सर चष्मा वर करून दोन्ही कागद पुन्हा वाचतात. स्वयंपाकघरातून काकू विचारतात, ‘म्हणजे ती युनिटं कुणी खाल्ली नाहीत तर?’ हाच तो क्षण. सर आत्ता पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला सांगू शकतात. आणि व्यावसायिक उठता-उठता एवढंच म्हणतो:

‘सर, एक विचारू का? तुमच्या माहितीत असं कुणी आहे का, ज्यांचं स्वतःचं छत आहे आणि बिल तीनशे युनिटांच्या वर जातं म्हणून जे दर महिन्याला कुरकुरतात? असतील तर त्यांना ही दोन बिलं दाखवा. मला नंबर नको. त्यांना वाटलं तर ते फोन करतील. आणि कुणी नसेल तर तेही ठीक.’

या पाच-सहा वाक्यांत काय काय आहे ते उलगडून पाहू, कारण सहजपणा हा नशिबाने येत नाही. ‘कुणी आहे का?’ असं मोघम विचारलं की माणसाचं डोकं रिकामं होतं, कारण ओळखीची पाचशे माणसं एकदम समोर येतात आणि त्यातलं एकही दिसत नाही. ‘स्वतःचं छत’ म्हटलं की फ्लॅटवाले आपोआप गळतात. ‘तीनशेच्या वर’ म्हटलं की वरच्या टप्प्यातली माणसं उरतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांना बदलतात, आणि तीनशे ओलांडल्यावरचा दर सगळ्यांनाच बोचतो. ‘कुरकुरतात’ म्हटलं की चेहराच समोर येतो, कारण बिलावरून कुरकुर करणारा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो आणि त्याची कुरकुर प्रत्येकाने ऐकलेली असते. सर क्षणभर थांबून म्हणतात, ‘आमचे साडू आहेत मलकापूरला. त्यांचं घर मोठं आहे, पण त्यांना स्लॅब गळेल ही भीती.’

बघा, नाव तर मिळालंच, पण त्याच्याबरोबर अडचणही आली. वहीतल्या दहा नावांत ही अडचण कधीच लिहिलेली नसते. आता व्यावसायिकाला खरं उत्तर देता येतं: ‘मग दिवाळीला ते इकडे येतील तेव्हा त्यांना गच्चीवर न्या. आपण स्लॅबला भोक पाडलेलं नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय बसवलेत, ते त्यांना हाताने चाचपू दे. पावसाळा एक गेलाय, खालच्या खोलीचं छत दाखवा.’ साडूंना फोन करून दहा मिनिटं बोलण्यापेक्षा हे शंभरपट वजनदार आहे, आणि यात सरांना काही विकायचं नाही. ते आपलं घर दाखवणार आहेत, जे त्यांनी नाहीतरी दाखवलं असतंच.

‘मला नंबर नको’ हे वाक्य पुष्कळांना वेडेपणाचं वाटतं. हातात आलेलं सोडून कसं द्यायचं? पण जो नंबर साडूंच्या नकळत घेतला जातो, तो वापरला की पहिल्याच मिनिटाला सर वाईट ठरतात. त्याऐवजी व्यावसायिकाने दोन बिलांचा फोटो आणि त्याखाली तीन ओळी सरांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवाव्यात: तीन किलोवॅट, किती आकारणी होती, किती झाली, आणि आपलं नाव-नंबर. ग्राहक क्रमांक आणि पत्ता त्यातून आधी झाकलेला असावा. हे विसरू नये. सरांना पुढे पाठवायला बोट एकदाच टेकवावं लागतं. त्यांना पुढे पाठवायचं नसेल तर ते पाठवत नाहीत, आणि कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. कुणी फोन केला तर तो साडूंच्या स्वतःच्या इच्छेने आलेला असतो. असे फोन कमी येतात, यात शंका नाही. पण आलेल्या फोनवर ‘कोण?’ असा प्रश्न येत नाही.

बक्षिसाचा मुद्दा उरतो, आणि इथे मला विरोधकांचं म्हणणं अर्धं मान्य करावं लागतं. जर्मनीतल्या एका बँकेच्या सुमारे दहा हजार ग्राहकांचा जवळपास तीन वर्षांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ती बँक नवा ग्राहक आणणाऱ्या जुन्या ग्राहकाला 25 युरो देत असे. ओळखीतून आलेले ग्राहक बँकेसाठी इतरांपेक्षा किमान 16 टक्के अधिक मोलाचे ठरले, आणि ते बँक सोडून जाण्याची शक्यता सुमारे 18 टक्के कमी होती. म्हणजे पैसे देऊनही चांगली माणसं येतात, हे खरंच. पण बँकेत खातं उघडणं आणि गच्चीवर दोन लाखांची यंत्रणा पंचवीस वर्षांसाठी बसवणं यांत फरक आहे. खातं नको झालं तर बंद करता येतं. साडूंच्या घरात उद्या इन्व्हर्टर बिघडला आणि त्यांना कळलं की सरांनी तीन हजार घेऊन आपलं नाव सुचवलं, तर नात्यातला प्रत्येक कार्यक्रम अवघड होऊन बसतो. आणि असल्या गोष्टी कळतातच. आपल्याकडे सोलरच्या शिफारशी बहुतेक साडू, व्याही, सहकारी, भिशीतल्या मैत्रिणी अशाच नात्यांतून जातात. तिथे सांगणाऱ्याच्या हातात पैसा ठेवू नये. द्यायचंच असेल तर ते उघड असावं आणि नव्या माणसालाही मिळावं, उदाहरणार्थ दोन्ही घरांना एकेकदा पॅनेलची धुलाई आणि तपासणी. फेब्रुवारी-मार्चच्या धुळीत ती नाहीतरी लागतेच. त्याचा हिशेब साडूंसमोर सांगायलाही सरांना संकोच वाटत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी जवळजवळ कुणीच बोलत नाही. ओळखीतून आलेल्या माणसाला गरज पडली तर ‘तुम्ही सोलर घेऊ नका’ असं सांगता आलं पाहिजे. समजा साडूंच्या घरी जाऊन पाहिलं आणि दिसलं की दक्षिणेला शेजारच्या तीन मजली इमारतीची सावली थंडीत दुपारपर्यंत छतावर असते. किंवा त्यांची कुरकुर मोठी पण बिल सत्तर-ऐंशी युनिटांचं आहे, जिथे दरच कमी असल्यामुळे गुंतवणूक भरून निघायला खूप वर्षं लागतील. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट सावलीविना जागा लागते, ती पाण्याच्या टाक्या आणि जिन्याची खोली वजा जाता उरतच नाही, असंही होतं. अशा वेळी जो व्यावसायिक ऑर्डर घेतो तो सरांचा शब्द विकून खातो. जो ‘नको’ म्हणतो त्याच्याविषयी साडू स्वतःच दुसऱ्यांना सांगू लागतात, आणि सरांना यापुढे कुणाचंही नाव घेताना भीती वाटत नाही. सहज मागता येण्याचं मूळ इथे आहे. आपण पाठवलेल्या माणसाचं नुकसान होणार नाही, एवढी खात्री ज्याला आहे त्याला सांगायला फार आग्रह लागत नाही.

सरांना मागाहून एक निरोपही गेला पाहिजे. ‘साडूंकडे जाऊन आलो. आत्ता त्यांनी बसवू नये असं सांगितलंय, कारण त्यांनाच विचारा.’ ते साडूंनीच सांगावं, कारण बिल आणि पैसा ही त्यांची खासगी बाब आहे. पण निरोप जावाच. ज्याने नाव दिलं त्याला पुढे काय झालं हे कधीच कळलं नाही, तर तो दुसरं नाव देत नाही, आणि त्याने ते का थांबवलं हेही तो सांगत नाही.

काही ठिकाणी मात्र मागूच नये, आणि मी मागण्याच्या बाजूने बोलतो आहे म्हणून हे झाकणार नाही. ज्याची तक्रार उघडी आहे, त्याच्याकडे नाही. ज्याच्या सांगण्याला हुकुमाचा वास येतो, त्याच्याकडे नाही: मुख्याध्यापकांनी शाळेतल्या शिक्षकांना किंवा साखर कारखान्यातल्या साहेबांनी हाताखालच्यांना सोलर सुचवलं, तर ‘हो’ म्हणणाऱ्यांतले किती मनापासून म्हणाले हे कळत नाही, आणि पुढे प्रत्येक बारीक तक्रार साहेबांच्या टेबलावर जाते. कर्ज काढून यंत्रणा घेतलेल्या आणि हप्त्यांनी ओढाताण झालेल्या घरातही नाही, बिल कितीही उत्तम आलेलं असो.

आणि एकदा विचारल्यावर पुन्हा विचारू नये. हा नियम पाळायला सगळ्यांत कठीण आहे, कारण ‘सरांनी अजून कुणाला पाठवलं नाही’ ही टोचणी व्यावसायिकाला लागते. वर्षातून एकदा पॅनेल तपासायला जायचंच असतं. तेव्हा सरांनी आपण होऊन विषय काढला तर बोलावं, नाही काढला तर बोल्ट घट्ट करून, कनेक्टर पाहून, चहा घेऊन निघावं. त्या भेटीत साडूंचा विषय निघण्याची शक्यता बरीच असते, कारण तोवर सरांच्या हातात बारा महिन्यांची बिलं आलेली असतात. त्यात पावसाळ्याचे खराब महिनेही असतात आणि मार्चअखेरचा वर्षाचा हिशेबही. ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी एका ऑक्टोबरपेक्षा हा सगळा गठ्ठा अधिक विश्वासाचा असतो. व्यावसायिकाने त्याचीही एका पानावर महिनावार नोंद करून सरांकडे ठेवावी, जुलै-ऑगस्टचे आकडे न गाळता.